जाहिरातीतले घर आणि गल्लीतले घर



‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विटा, चुना आणि वेळेवर न येणारा गवंडी असे. आजच्या माणसाची दगदग त्याच्याही आधी सुरू होते. घर पाहावे कोठे, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. पूर्वी जागा दाखविणारा दलाल आपल्याला त्या गल्लीत नेई, जिना चढवी आणि नळाला पाणी किती वेळ असते याबद्दल खोटे बोलत असला तरी निदान त्या नळासमोर उभा राहून बोलत असे. आज आपण फोनवर बोट फिरवितो आणि अर्ध्या तासात चाळीस घरे ‘पाहून’ होतात. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. परंतु तिच्या आडोशाने एक नवा धंदा उभा राहिला आहे, आणि आज मला केवळ त्याविषयी बोलावयाचे आहे. दुसऱ्यांच्या जाहिरातींतली छायाचित्रे, वर्णने आणि किंमती उचलून संपूर्ण संकेतस्थळच बनावट उभारावयाचे, असा हा धंदा आहे.

खऱ्या संकेतस्थळावर एखादी खोटी जाहिरात शिरणे ही गोष्ट वेगळी. तेथे निदान चालक कोणीतरी असतो, तक्रार करता येते, जाहिरात काढून टाकविता येते. येथे सगळे दुकानच चोराचे असते, आणि फळ्यांवर मांडलेला माल मात्र दुसऱ्यांच्या दुकानांतला असतो.

हे दुकान कसे मांडतात, ते आधी समजून घेऊ. कारण ओळखण्याच्या सगळ्या खुणा त्या मांडणीतूनच निघतात. एक लहानसा संगणकीय कार्यक्रम खऱ्या संकेतस्थळांवर सोडून देतात. तो एकेक जाहिरात उघडतो, तिची छायाचित्रे, मजकूर, क्षेत्रफळ, मजला, भाडे हे सारे उचलतो आणि आपल्या पानांवर ओतून ठेवतो. मालकाचे नाव आणि फोन तेवढा बदलावयाचा, भाडे थोडे उतरवावयाचे, की झाले. शेकडो घरे मांडावयास माणूस बसवावा लागत नाही.

आता यातली खरी मेख पाहा. त्या पानावरचे घर खरे असते. छायाचित्र खरे असते. भाडेसुद्धा कधी काळी खरे होते. खोटे असते ते एकच: जाहिरात देणारा आणि ते घर यांचा संबंध. म्हणूनच ‘हा फोटो खरा दिसतो की नाही’ असे डोळे बारीक करून पाहणारा माणूस फसतो. तो खराच दिसणार! विचारावयाचा प्रश्न असा, की हे चित्र आधी कोठे होते, आणि ते येथे कोणी आणले?

एक उदाहरण घेऊन चालू. ते मी सोयीसाठी जुळविलेले आहे, पण त्यातला एकेक तुकडा या धंद्यात रोज घडणारा आहे. सोलापूरच्या एका गृहस्थांच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. कोथरूडला दोन शयनगृहांची जागा, म्हणजे आपण ज्याला टू बीएचके म्हणतो ती, महिना १८,००० रुपये भाड्याने एका संकेतस्थळावर दिसली. सहा छायाचित्रे, सगळी स्वच्छ. फोन केला तर मालक मोठे आर्जवी. म्हणाले, मी सैन्यात आहे, बदली झाली, किल्ली मावसभावाकडे आहे. सोसायटीत बाहेरच्यांना गेटपास लागतो, त्याचे २,५०० रुपये आधी पाठवा, जागा पसंत पडली नाही तर परत करीन. आणखी चार माणसे विचारताहेत, हेही सांगावयास ते विसरले नाहीत.

आमच्या या गृहस्थांनी पैसे पाठविण्यापूर्वी एक संध्याकाळ मागून घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी काय करावयास हवे?

पहिले काम छायाचित्राचे. फोनवर चित्रावर बोट दाबून धरले की त्या चित्राचा शोध घेण्याचा पर्याय येतो. गूगल लेन्स नावाची सोय हेच करते. दुसरी सोय `tineye.com` या ठिकाणी आहे. तिचा विशेष असा, की सापडलेली चित्रे ती जुन्यापासून नव्याकडे लावून दाखवू शकते. तेथली तारीख ही छायाचित्र काढल्याची नव्हे, त्या यंत्रणेने ते प्रथम पाहिल्याची असते, एवढे ध्यानात ठेवावे. यात एक चूक पुष्कळांच्या हातून होते. ते दिवाणखान्याचे देखणे चित्र शोधावयास देतात. सोफा, पडदा, पांढरी भिंत असे दिवाणखाने लाखांनी आहेत, आणि यंत्र भलत्याच सोफ्यांचा ढीग पुढे टाकते. शोधावयास द्यावे ते विचित्र चित्र: स्वयंपाकघराचा कोपरा, फरशीची नक्षी, बाल्कनीतून दिसणारी समोरची इमारत. तेवढाच तुकडा कापून द्यावा.

समजा, चित्र सापडले. येथे घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. तेच चित्र पाच ठिकाणी दिसले म्हणजे लबाडी सिद्ध झाली, असे मुळीच नाही. आपल्याकडे एकच जागा मालक पाच दलालांकडे देतो आणि पाचही जण तीच छायाचित्रे लावतात. त्यात गैर काही नाही. दोष केव्हा धरावयाचा? तेच स्वयंपाकघर एका ठिकाणी कोथरूडचे आणि दुसऱ्या ठिकाणी नागपूरचे असेल तेव्हा. किंवा पत्ता तोच, पण मालक दोन निराळे आणि भाड्यात जमीन-अस्मानाचे अंतर असेल तेव्हा. आमच्या उदाहरणात ते चित्र एका जुन्या, माहितीच्या संकेतस्थळावर सापडले. इमारत तीच, भाडे ३०,००० रुपये, आणि जाहिरातीवर शेरा, की जागा दिली गेली आहे.

आणि चित्र सापडलेच नाही, तर? तर काहीही सिद्ध झाले नाही. चोर चित्र आरशासारखे उलटे करतात, कडा कापतात, म्हणजे शोध चुकतो. पण कापण्याच्याही खुणा राहतात. मूळ संकेतस्थळ चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव फिकट अक्षरांत उमटविते. ते घालविण्यासाठी खालची पट्टी कापलेली असते, म्हणून सहाही चित्रे चमत्कारिक आखूड दिसतात, किंवा एका कोपऱ्यात धुरकट डाग असतो. उलटे केलेल्या चित्रात भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे उलटे पडतात. आणि आपल्या घरांतली एक वस्तू तर चोराची हाडवैरी आहे: भिंतीवरचे कालनिर्णय. ‘गेल्याच महिन्यात रिकामी झालेली’ जागा, आणि कॅलेंडर चार वर्षांपूर्वीचे! परदेशांतून उचललेली चित्रे तर आपल्या गृहिणी एका दृष्टिक्षेपात ओळखतील. छताला पंखा नाही, खिडकीला गज नाहीत, भिंतीवरच्या प्लगला तीन गोल भोकांऐवजी दोन उभ्या चिरा. असली जागा पुण्यात मिळाली तरी मे महिन्यात तीत राहणार कोण?

दुसरे काम भावाचे. ‘स्वस्त दिसले की संशय घ्या’ असे सगळेच सांगतात, आणि तो सल्ला अर्धाच खरा आहे. लिफ्ट नसलेला चौथा मजला, पावसाळ्यात गळणारे छप्पर, परगावी जाण्याची घाई, अशी स्वस्ताईची प्रामाणिक कारणे असू शकतात. एका जाहिरातीच्या भावावरून काही कळत नाही. कळते ते त्याच संकेतस्थळावरच्या पाच जाहिराती घेऊन. आमच्या गृहस्थांनी तेच केले. चित्रशोधाने आणखी दोन घरांच्या मूळ जाहिराती सापडल्या. एकीचे मूळ भाडे २४,००० रुपये, येथे १४,४००. दुसरीचे मूळ ४०,०००, येथे २४,०००. आणि आपले कोथरूडचे ३०,०००, येथे १८,०००. गणित करून पाहा: तिन्ही ठिकाणी मूळ भाड्याचे बरोबर शेकडा ६०. तीन वेगळे मालक, तीन वेगळ्या अडचणी, आणि तिघांनीही नेमका तोच गुणाकार केला? हे माणसांचे काम नव्हे, हे यंत्राचे काम आहे. शिवाय १४,४०० हा आकडाच पाहा. भाडे सांगणारा मालक १४ म्हणतो किंवा १५ म्हणतो. वरचे चारशे सांगणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. असे वाकडे आकडे गुणाकारातून येतात, किंवा डॉलरचे रुपये करण्यातून.

कधी कधी चोर भाव उतरवीतही नाही, जसाच्या तसा उचलतो. परंतु उचललेली जाहिरात तीन-चार वर्षांपूर्वीची असते. त्यामुळे भाडे आपोआपच आजच्यापेक्षा कमी दिसते. अशा ठिकाणी खूण ही, की महिन्या-दोन महिन्यांनी पाहिले तरी एकही घर गेलेले नसते आणि एकाचाही भाव हललेला नसतो. खऱ्या बाजारात चांगली जागा इतके दिवस कोणासाठी थांबत नाही.

भावापाठोपाठ मजकूर वाचावा, आणि तो शेजारच्या जाहिरातींसह वाचावा. यंत्र मजकूर उचलते ते त्याचा अर्थ न कळता. कोथरूडच्या जागेखाली ‘मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर’ असे वाक्य होते, आणि ते चुकीचे नव्हते. वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो मार्च २०२२ पासून धावते आहे. पण तेच वाक्य त्याच संकेतस्थळावर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या जागेखालीही होते. कोल्हापूरकरांनी आपली मेट्रो कोठे लपवून ठेवली आहे, हे विचारावयास हवे! जाहिरातीतले आठ-दहा शब्दांचे एखादे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले, तर ते जसेच्या तसे आणखी कोठे छापले आहे ते दिसते. एक जाहिरात सुटी पाहिली तर निर्दोष वाटते. शिवण दिसते ती दोन जाहिराती शेजारी ठेवल्यावर.

तिसरे काम त्या दुकानाच्या वयाचे. संकेतस्थळाचे नाव नोंदले जाते आणि त्या नोंदीची तारीख कोणालाही पाहता येते. `.com` ने संपणाऱ्या नावांसाठी `lookup.icann.org` येथे नाव घालावे, आणि `Created` या शब्दापुढची तारीख वाचावी. `.in` साठी `registry.in` येथे तशीच सोय आहे. पानाच्या तळाशी ‘पंधरा वर्षांची विश्वसनीय सेवा’ असे लिहिले आहे आणि नाव नोंदून पाच आठवडे झाले आहेत, अशी विसंगती दिसली तर पुढे विचारण्यासारखे काही राहत नाही. मालकाचे नाव तेथे बहुधा झाकलेले असेल. ते आजकाल प्रामाणिक लोकांचेही झाकलेले असते, त्यावरून अनुमान काढू नये. आणि जुने नाव विकतही घेता येते. म्हणून `web.archive.org` येथे जाऊन त्याच नावाचे पूर्वीचे पान पाहावे. तीन वर्षांपूर्वी तेथे चपलांचे दुकान असेल, तर पंधरा वर्षांच्या सेवेचा अर्थ आपण समजू शकतो.

नाव वाचण्याची रीतही ठाऊक हवी. `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. `mothe-naav.com.ghar-pune.example` असा पत्ता दिसला, तर मालक ‘मोठे नाव’ नव्हे, `ghar-pune.example` आहे. पुढचे मोठे नाव केवळ पाटीवर रंगविलेले असते. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही विसंबू नये. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मार्ग बंदिस्त आहे, एवढेच ते कुलूप सांगते. मार्गाच्या टोकाला कोण बसला आहे, ते सांगत नाही.

हे झाले भाड्याच्या जागांचे. नवी सदनिका विकत घ्यावयाची असेल, तर आपल्याकडे एक अधिक आधार आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण आहे, आणि नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणी क्रमांकाशिवाय करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. चोर काय करतो? तो क्रमांकही उचलतो! छायाचित्र उचलता येते, तसा क्रमांकही. म्हणून क्रमांक ‘आहे’ याला काही मोल नाही. त्या क्रमांकामागे काय नोंदले आहे, ते वाचावयास हवे. जाहिरातीतला कोड न वापरता `maharera.maharashtra.gov.in` हा पत्ता स्वतः टंकावा, क्रमांक घालावा, आणि प्रवर्तकाचे नाव, प्रकल्पाचा पत्ता, इमारतींची आणि सदनिकांची संख्या जाहिरातीशी ताडून पाहावी. क्रमांक खराडीच्या प्रकल्पाचा आणि जाहिरात बाणेरची, असे निघाले की उलगडा झाला. मात्र ही कसोटी भाड्याला किंवा जुन्या जागेच्या फेरविक्रीला लागू पडत नाही, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्तीच नाही. तेथे क्रमांक नसणे हा पुरावा होत नाही.

जुन्या जागेसाठी नोंदणी खात्याची ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजे लोक जिला इंडेक्स टू म्हणतात ती, उपयोगी पडते. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक ठाऊक असेल, तर खरेदीखत कोणाच्या नावे झाले ते `freesearchigrservice.maharashtra.gov.in` येथे शोधता येते. समोरचा मनुष्य मिळकत क्रमांक किंवा सदनिका क्रमांकच सांगावयास तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. चित्रशोध चुकू शकतो, भाव योगायोगाने जुळू शकतो, नाव जुने विकत घेता येते. परंतु नक्कल करणाऱ्यापाशी एक उणीव कायमची असते. मूळ जाहिरातीत जेवढे होते, तेवढेच त्याच्यापाशी असते. त्या घरात तो कधी पाऊल टाकू शकत नाही. म्हणून त्याला जाहिरातीत नसलेले काहीतरी मागावे. ‘स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काय दिसते, त्याचे आत्ता एक छायाचित्र पाठवा.’ ‘व्हिडिओवर फोन लावा, सोसायटीच्या फाटकापासून चालत वर या, मध्ये बंद करू नका, आणि वर आल्यावर मोरीतला नळ उघडा.’ ‘विजेचे मीटर कोणत्या मजल्यावर आहे?’ खरा मालक याला कंटाळेल, कदाचित चिडेलही, पण सोय करील. स्वतः नसेल तर मावसभावाला पाठवील. नकली मालक कारणे सांगेल. मावसभाव आजारी पडेल, सैन्याचे नियम आडवे येतील, आणि नंतर आपल्यावरच अविश्वासाचा ठपका येईल. ओळखपत्राचे चित्र मात्र तो न मागता पाठवील, कारण तेही उचललेलेच असते.

आमच्या गृहस्थांनी फाटकापासूनचा व्हिडिओ मागितला. उत्तर आले, की आधी गेटपासचे पैसे, मग व्हिडिओ. त्यांनी आणखी एक केले, आणि मला ते सर्वांत शहाणपणाचे वाटते. पुण्यातल्या भाच्याला त्या इमारतीकडे धाडले. वॉचमन म्हणाला, “त्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं माणसं राहतात. तुम्ही तिसरे आलात या महिन्यात.” सेक्रेटरींनी सांगितले, की गेटपास नावाची वस्तू या सोसायटीत नाही, रजिस्टरमध्ये नाव लिहावयाचे आणि वर जावयाचे. वर राहणाऱ्या बिचाऱ्या कुटुंबालाही या प्रकाराचा जाच होता. दर पंधरवड्याला कोणीतरी अनोळखी माणूस दारात उभा राहून ‘आमची जागा’ पाहू मागत होता, आणि एक जोडपे तर सामानाचा टेम्पो घेऊनच आले होते. फसवणुकीचा हा दुसरा बळी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण स्वतः कधी जागा भाड्याने दिली असेल, तर जागा गेल्यावर जाहिरात काढून घ्यावी, आणि आपल्याच छायाचित्रांचा अधूनमधून असा शोध घ्यावा.

ज्यांचा आप्त त्या गावात नाही, त्यांनी काय करावे? मी सांगेन, आठ दिवस लॉजवर किंवा ओळखीच्याकडे राहावे, आणि जागा डोळ्यांनी पाहूनच अनामत द्यावी. तोही खर्च आहे, मान्य. पण तो मोजता येतो. आणि भाडेकरार नोंदविल्याशिवाय मोठी रक्कम हातची सोडू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीच्या वेळी मालकाला आपली ओळख पटवावी लागते. नकली मालक त्या पायरीपर्यंत येतच नाही. त्याचा सगळा खटाटोप तिच्या आधीच पैसे घेण्याचा असतो.

पैसे गेलेच असतील, तर सकाळची वाट पाहू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार लवकर हलविली जाते. ती हलण्यापूर्वी बँकेला अडविता आली, तरच परत मिळण्याची आशा असते. तक्रारीसाठी व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्यावर दिसलेले नाव, त्या मनुष्याशी झालेले संदेश आणि संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लागतो. पानांची चित्रे त्याच वेळी काढून ठेवावीत. तक्रारीची कुणकुण लागताच ते दुकान उठते आणि पुढच्या आठवड्यात तीच कोथरूडची जागा, तीच सहा छायाचित्रे, निराळ्या नावाखाली पुन्हा मांडलेली दिसतात.